जोखमीचा परिच्छेद रुपयांत लिहा

‘गुंतवणूक बाजारातील जोखमीच्या अधीन आहे’ या वाक्यातून कापूस विकून आलेले पन्नास हजार गुंतवणाऱ्याला काहीच कळत नाही. गावातल्या बचत गटासाठी इंडेक्स फंडाचं माहितीपत्रक करताना ते अधिकृत वाक्य राहू द्या; ते काढायचं नसतंच. त्याखाली मात्र असं लिहा:

‘या इंडेक्स फंडाची किंमत निफ्टी या शेअर बाजाराच्या निर्देशांकाबरोबर वर-खाली होते. जानेवारी 2020च्या उच्चांकाला निफ्टीत लावलेले 50,000 रुपये 23 मार्चला सुमारे 31,000 झाले होते. जूनच्या मध्यात ते चाळीस हजारांच्या आसपास होते आणि नोव्हेंबरमध्ये पुन्हा पन्नास हजारांवर आले. पुढची घसरण याहून मोठी असू शकते, भरून यायला कितीतरी वर्षंही लागू शकतात. मुद्दल परत मिळण्याची हमी नाही.’

यातला जूनचा आकडा गाळू नका. विदर्भात बी-बियाणं, खत तेव्हाच घ्यावं लागतं. त्या वेळी ज्याने पैसे काढले त्याचे दहा हजार कायमचे गेले, नोव्हेंबरची भरपाई त्याच्या कामाची नव्हती. म्हणून शेवटी एक ओळ जोडा: ‘येत्या पेरणीला लागणारा पैसा यात ठेवू नये.’ ‘बुडाले’, ‘सावधान’ असले शब्द लागतच नाहीत.