हापूसची पेटी बुक करताय? या चुका टाळा

यंदाच्या हापूसची आगाऊ नोंदणी सुरू केली आहे. बाग देवगड तालुक्यातली, पेटी पाच डझनांची, आणि पेट्या ज्या क्रमाने नोंदल्या त्याच क्रमाने निघतील. भाव विचारायला फोन येतात त्याहून जास्त फोन पेटी घरी पोचल्यावर येतात, आणि तक्रारी दरवर्षी त्याच. म्हणून आधीच लिहून टाकतो.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे ‘रविवारी पाहुणे आहेत, शनिवारी पिकलेली पेटी पाठवा’. आम्ही हापूस झाडावर पिकू देत नाही. तसा ठेवला तर आत साका धरण्याची, म्हणजे गर पांढरट आणि स्पंजासारखा होण्याची, भीती वाढते आणि प्रवासात फळ चेपतं ते वेगळंच. फळ चौदा आणे तयार झालं, म्हणजे देठाजवळचे खांदे वर आले आणि देठ खळग्यात बसला, की झेल्याने देठासकट उतरवतो. पेटी रात्रीच्या गाडीने निघते. तुमच्या हातात येतं ते हिरवं, कडक फळच, आणि ते तसंच असायला हवं. एप्रिलच्या सुरुवातीला त्याला पिकायला साधारण आठवडा लागतो, मे महिन्याच्या उकाड्यात चार-पाच दिवसांत काम होतं.

मागच्या हंगामात पुण्याच्या एका ताईंनी मुंजीसाठी पेटी मागितली. फोन मंगळवारी, मुंज रविवारी. ‘एवढ्यात पिकणार नाही’ म्हटलं, तर ‘तुम्ही पाठवा हो, आम्ही पिकवून घेऊ’. गुरुवारी पेटी पोचली. कोणीतरी सल्ला दिला म्हणून त्यांनी सगळे आंबे प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून उन्हाच्या गॅलरीत ठेवले. शनिवारी पिशवी उघडली तर आत पाणी सुटलेलं, वरच्या फळांचे देठ काळे पडलेले, खालची दगडासारखी. घाबरून उरलेले सगळे फ्रीजमध्ये गेले. पुढच्या बुधवारी मला फोटो आला: सालीवर करडे डाग, आतला गर फिका, चव आंबट. ‘तुमचा आंबा खराब निघाला’!

कच्चा हापूस 12-13 अंशांखालच्या थंडीत गेला की त्याचं पिकणं बिघडतं, आणि नंतर बाहेर काढून ठेवला तरी गाडी रुळावर येत नाही. फ्रीज पिकलेल्या फळासाठी आहे, तेही दोन-तीन दिवसांपुरता. एप्रिलमधल्या त्या मुंजीसाठी पेटी आदल्या रविवारी घरात यायला हवी होती, म्हणजे आमच्याकडे नोंदणी त्याच्याही बरीच आधी. कार्याची तारीख असेल तर नोंदवतानाच सांगा, मी मागे मोजून गाडी ठरवतो. आयत्या वेळी ‘काहीतरी करा’ म्हणणाऱ्यांसाठी बाजारात पावडर लावलेले आंबे मिळतात. कार्बाइडने फळ पिकवायला कायद्याने बंदी आहे, पण घाई असलेलं गिऱ्हाईक असतं तोवर ते थांबायचं नाही. सगळीकडून एकसारखा पिवळाधमक, पण दाबला तर कडक आणि देठाशी वासच नाही, असा आंबा दिसला की समजा.

दुसरी चूक, पेटी बंदच ठेवणं. आली की लगेच उघडा. आमच्या घरी जमिनीवर भाताचा पेंढा अंथरून त्यावर एकच थर लावतात. पेंढा नसेल तर वर्तमानपत्र चालतं. खोली हवेशीर हवी, ऊन नको. तांदळाच्या डब्यात चार आंबे पिकतात, पाच डझन नाही. रोज सकाळी फळं फिरवायची आणि देठाशी वास घ्यायचा. वास आला, साल किंचित सैल पडली, की ते बाजूला. डाग पडलेलं फळ त्याच दिवशी उचलायचं, नाहीतर शेजारची चार घेऊन जातं.

अंगठ्याने दाबून बघू नका, तिथेच काळं पडतं.

साका बाहेरून कळत नाही, मलाही नाही. कापल्यावर आत पांढरट, स्पंजासारखं निघालं तर फोटो पाठवा, पुढच्या पेटीत तेवढी फळं जास्त देतो. पण ‘सगळेच खराब’ एवढ्या निरोपावर नाही.

राहिला हंगाम. ‘जूनमध्ये मुलं परदेशातून येतायत, तेव्हा द्या’ असं दरवर्षी कोणी ना कोणी म्हणतं. वळवाचा पाऊस झाला की फळावर करप्याचे काळे ठिपके येतात, फळमाशी लागते, आणि असा आंबा मी पेटीत भरत नाही. त्यामुळे पाठवणी एप्रिलच्या पहिल्या आठवड्यापासून मेच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत. पाऊस आधी आला तर त्याच दिवशी बंद, आणि राहिलेल्या पेट्यांची आगाऊ रक्कम परत. अक्षय्य तृतीयेच्या आठवड्यातल्या गाड्या सगळ्यात आधी भरतात आणि तेव्हा भावही चढा असतो. खाण्यासाठीच हवा असेल तर मेच्या पहिल्या पंधरवड्याची पेटी मागा: माल भरपूर, भाव उतरलेला, आणि पिकायलाही लवकर.