कर २ टक्क्यांनी वाढला, मग किंमत किती वाढली? शेकडेवारीतल्या या चुका टाळा

एका वस्तूवरचा कर १० टक्के होता, तो १२ टक्के झाला. वस्तूची किंमत किती टक्क्यांनी वाढली? आणि सरकारचा महसूल किती टक्क्यांनी?

वह्या तपासताना या प्रश्नाची मला हमखास तीन उत्तरं सापडतात. कुणी दोन्हीकडे २ लिहितं, कुणी दोन्हीकडे २०. तिसरा गट ‘किंमत २, महसूल २०’ असं लिहितो आणि बिनधास्त पुढच्या गणिताकडे वळतो. तिसरं उत्तर त्यातल्या त्यात बरं आहे, पण त्यातला पहिला आकडा चुकलेला आहे आणि दुसरा एका अटीवरच खरा आहे. ती अट प्रश्नात कुठेच लिहिलेली नाही.

‘२ टक्क्यांनी’ म्हणजे नक्की कितीने?

सगळा घोळ इथूनच सुरू होतो. दर १० वरून १२ झाला, तर तो २ टक्केबिंदूंनी वाढला. मूळ दराच्या मानाने पाहिलं तर ही वाढ २० टक्के आहे, कारण १० वर २ वाढले. ‘दर २ टक्क्यांनी वाढला’ हे वाक्य काटेकोरपणे वाचलं, तर नवा दर १०.२ निघतो. बोलताना मात्र सगळे तसं म्हणून १२ च समजतात. प्रश्नात ‘वरून’ आणि ‘पर्यंत’ असे दोन्ही दर दिले असतील तर काळजी नाही. नुसतं ‘२ टक्क्यांनी’ असेल, तर पहिल्या ओळीत ‘नवा दर = १२’ किंवा ‘नवा दर = १०.२’ असं लिहूनच पुढे जा. निदान नंतर चूक शोधायला जागा राहते.

स्प्रेडशीटमध्ये ही चूक आणखी गुपचूप होते. समजा B2 मध्ये 10% आहे:

```
=B2*(1+2%)    → 10.2%
=B2+2%        → 12%
```

दोन्ही सूत्रं चालतात, एकही लाल खूण दिसत नाही. त्यातून रकान्यात दशांश दाखवायचे नाहीत असं ठरवलेलं असेल, तर पहिल्याचं उत्तर पडद्यावर 10% च दिसतं आणि ‘दर वाढवला, तरी आकडा हलत कसा नाही’ म्हणून माणूस डोकं खाजवत बसतो. साध्या कॅल्क्युलेटरचीही हीच तऱ्हा. १०, अधिक, २, मग % चं बटण दाबलं की बरीच यंत्रं १०.२ दाखवतात.

किंमत २ टक्क्यांनी वाढत नाही

करापूर्वीची किंमत १०० धरा. आधी गिऱ्हाईक ११० देत होतं, आता ११२ देतं. वाढ २ ची आहे, पण ती ११० वर. २ भागिले ११० म्हणजे साधारण १.८२ टक्के. गिऱ्हाइकाच्या हातात १०० ची वस्तू कधीच नव्हती, त्याने आधीपासून ११० च मोजले होते. म्हणून त्याच्या दृष्टीने पाया ११० चा.

मूळ दर जितका मोठा, तितका तोच २ किमतीत लहान दिसतो. जपानचा उपभोग कर यासाठी चांगलं उदाहरण आहे. तिथे एप्रिल १९९७ मध्ये तो ३ वरून ५ टक्के झाला आणि ऑक्टोबर २०१९ मध्ये ८ वरून १० टक्के (खाद्यपदार्थांसारख्या काही वस्तूंना तेव्हा ८ चाच दर ठेवला होता). दोन्ही वेळा वाढ २ बिंदूंचीच. पूर्ण कर किमतीत उतरला असं धरलं, तर पहिल्या वेळी १०३ ची वस्तू १०५ ला गेली, म्हणजे १.९४ टक्के वाढ. दुसऱ्या वेळी १०८ ची ११० ला, म्हणजे १.८५ टक्के. किमतीत फरक किरकोळ आहे. दराची वाढ मात्र पहिल्या वेळी जवळजवळ ६७ टक्के आणि दुसऱ्या वेळी २५ टक्के. महसुलाचं गणित या दुसऱ्या जोडीवर चालतं, म्हणून किमतीचा पाया आणि महसुलाचा पाया वेगळे ठेवावे लागतात.

महसूल २० टक्क्यांनी वाढतो, पण विक्री तेवढीच राहिली तर

वर म्हटलेली अट हीच. किंमत वाढली की खप थोडा तरी घटतो. समजा आधी १०० नग खपत होते, आता ९५ खपतात. इथली ठरलेली चूक म्हणजे बेरीज-वजाबाकी: दर २० ने वाढला, खप ५ ने घटला, म्हणून महसूल १५ टक्क्यांनी वाढला. मांडून पाहू.

कर वाढायच्या आधी प्रत्येक नगावर १० कर, १०० नग, महसूल १०००. नंतर प्रत्येक नगावर १२ कर, ९५ नग, महसूल ११४०. वाढ १४ टक्के. राहिलेला १ टक्का गेला कुठे? जे ५ नग विकलेच गेले नाहीत, त्यांच्यावरची वाढीव २-२ मिळालीच नाही. ते १० होतात, आणि १००० चा एक टक्का म्हणजे १०. म्हणून शेकडा बदलांचा गुणाकार करायचा: १.२० गुणिले ०.९५ बरोबर १.१४.

याच आकड्यांवर दुसरी एक गफलत होते, आणि माझ्या मते ती जास्त त्रासदायक आहे. प्रश्नात नुसता ‘महसूल’ किंवा ‘उत्पन्न’ असा शब्द असतो, पण कुणाचं ते विद्यार्थी विचारत नाही. त्या १०० आणि ९५ नगांमध्ये तीन वेगवेगळी उत्तरं दडलेली आहेत. सरकारला १००० ऐवजी ११४० मिळाले, १४ टक्के वाढ. विक्रेत्याच्या पदरात करापूर्वीची किंमत पडते. ती १०,००० होती, आता ९,५०० आहे, म्हणजे ५ टक्के घट. आणि गिऱ्हाइकांनी मिळून आधी ११,००० खर्च केले होते, आता ११२ गुणिले ९५ म्हणजे १०,६४०. इथे घट ३.२७ टक्के. ताळा सोपा आहे: विक्रेत्याचे ९,५०० आणि सरकारचे १,१४० मिळून गिऱ्हाइकांचे १०,६४० आलेच पाहिजेत. बेरीज जुळली नाही, तर कुठेतरी करासहित किंमत आणि करापूर्वीची किंमत यांची अदलाबदल झाली आहे.

‘महसूल वाढायला नको’ असं म्हटलं तर

खप किती घटला, तर सरकारला आधीइतकेच पैसे मिळतील? पटकन सुचणारं उत्तर २० टक्के. पण १००० महसूल १२ च्या कराने मिळवायला १००० भागिले १२, म्हणजे साधारण ८३.३ नग पुरतात. घट १६.६७ टक्के. वाढलेले २ इथे नव्या दराने, १२ ने भागायचे.

आता हा आकडा किमतीशेजारी ठेवून बघा. किंमत वाढली अवघी १.८२ टक्के, आणि महसूल खाली यायला खप १६.६७ टक्क्यांच्याही पुढे घटायला हवा, म्हणजे किमतीच्या नऊ पटींहून जास्त. १० टक्क्यांच्या आसपासच्या दरावर हे सहसा होत नाही, म्हणून २ बिंदूंची वाढ बहुतेक वेळा महसूल वाढवूनच जाते. दर ५० वरून ५२ नेला, तर मात्र चित्र पालटतं. किंमत १५० वरून १५२, वाढ १.३३ टक्के. महसूल जागच्या जागी राहायला खपात ३.८५ टक्के घट पुरते, म्हणजे किमतीच्या तिप्पटही नाही. आधीच जड असलेल्या करावर तेच २ बिंदू कमी कमावतात आणि लवकर अंगाशी येतात.

खपाची घट काढताना एक काळजी घ्या. ‘किंमत १ टक्क्याने वाढली की खप २ टक्क्यांनी घटतो’ असं दिलं असेल, तर २ ने गुणायचे ते १.८२ ला, दराच्या २० ला नाही. गिऱ्हाईक दर पाहून खरेदी कमी करत नाही, खिशातून किती जातात ते पाहून करतं. उत्तर खपात ४० टक्के घट असं आलं, तर समजा की चुकीच्या आकड्याला गुणलं.

छापील किंमत तीच ठेवली तर

विक्रेत्याने करासहित ११० हीच किंमत ठेवली आणि वाढीव कर स्वतः सोसला, असं गणित आलं की बहुतेकांच्या वहीत ‘११० चे १२ टक्के = १३.२०’ दिसतं. कर करापूर्वीच्या किमतीवर लागतो, आणि ती आता १०० राहिलेली नाही. ११० भागिले १.१२ म्हणजे ९८.२१, त्यावर कर ११.७९. दोन्ही मिळून ११० होतात. विक्रेत्याला १.७९ टक्के कमी मिळाले आणि खप तोच असला, तरी महसूल २० नाही, १७.९ टक्क्यांनीच वाढला.

किंमत पूर्ण वाढू दिली, पण गिऱ्हाइकाने ‘या वस्तूवर मी एकूण तेवढेच पैसे घालवणार’ असं ठरवलं, तरी महसुलाची वाढ हीच येते. दोन्हीकडे गिऱ्हाइकाने मोजलेली एकूण रक्कम बदललेली नाही. आधी त्यातला ११० पैकी १० वाटा कराचा होता, आता ११२ पैकी १२ आहे. या दोन वाट्यांचं गुणोत्तर १.१७९ च येतं.

उलट विचारलेला प्रश्न

‘कराचा दर २ बिंदूंनी वाढवला, खप १० टक्क्यांनी घटला, तरी महसूल ८ टक्क्यांनी वाढला. मूळ दर किती?’ यावर मला बऱ्याचदा ११.११ असं उत्तर मिळतं. वाट अशी असते: ८ आणि १० मिळून १८, म्हणून दर १८ टक्क्यांनी वाढला असणार, आणि २ हा ज्याचा १८ टक्के तो आकडा ११.११. पुन्हा बेरीजच आडवी आली. नवा महसूल १.०८ पट आहे आणि खप ०.९० पट, म्हणून दर १.०८ भागिले ०.९० म्हणजे १.२० पट झाला. वाढ २० टक्के, आणि २ हा १० चा २० टक्के. मूळ दर १०.

११.११ तपासायला अर्धा मिनिट पुरतो. नवा दर १३.११, म्हणजे १.१८ पट. त्याला ०.९० ने गुणलं की १.०६२ येतं. महसूल ६.२ टक्क्यांनी वाढला असं होतं, आणि प्रश्नात ८ आहेत.