पंप पाणी धरतो का, दर रविवारी बघा

मंडळी, मुरबाडच्या उन्हात पेंढ्याची उडवी पेटली की अग्निशमनची गाडी येईपर्यंत आपला सामाईक पंपच आधार. इंजिन सुरू होतं, पण पाणी येत नाही, कारण पंपाने हवा धरलेली असते. म्हणून दर रविवारी पंपात तोंडोतोंड पाणी भरा आणि दहा मिनिटं थांबा. पातळी खाली गेली, तर खालचा फूटव्हॉल्व गळतोय. बहुतेक वेळा त्यात पाला किंवा खडा अडकलेला असतो. जाळी काढून धुवा, मग पुन्हा भरून बघा. मे महिन्यात विहीर खोल जाते. पाण्यापासून पंप सहा-सात मीटरपेक्षा वर असेल तर तो ओढत नाही, तेव्हा पंप तळ्याकाठी ठेवा. पंपाशेजारी भरलेली बादली कायम हवी, नाहीतर ऐनवेळी पंप कशाने भरणार?

वाळू मात्र कोरडी, झाकून. ओली वाळू गोळा होऊन पडते, पसरत नाही. डिझेल किंवा तेल पेटलं तर वाळूच टाका, पाणी मारलं की पेटतं तेल तरंगत पसरतं. वायर पेटली असेल, तर आधी मेन स्विच बंद करा. शेडची एक चावी ग्रामपंचायतीत, दुसरी शेजारच्या वहिनींकडे.