पांढरा शर्ट ब्लीच केल्यावरच पिवळा पडतो? या चुका टाळा

माझा भाचा वकिली करतो. त्याच्याकडे सहा पांढरे शर्ट आहेत आणि सगळे आठवडाभर फिरते. गेल्या उन्हाळ्यात कॉलर आणि काखा पिवळ्या दिसायला लागल्या म्हणून त्याने चार शर्ट बादलीत टाकले, वर पाव बाटली ब्लीच ओतलं आणि रात्रभर भिजत ठेवले. सकाळी काखा आधीपेक्षा जास्त पिवळ्या. मग त्यावर उपाय म्हणून भरपूर नीळ. शर्ट वाळले तेव्हा काखेत करडट हिरवी झाक होती आणि पाठीवर निळे डाग. तो शर्ट घेऊन माझ्याकडे आला.

त्याने वापरलेली एकही वस्तू वाईट नव्हती. पण कोणती कशासाठी आणि कशानंतर वापरायची, हे चुकलं होतं.

घामावर थेट क्लोरीन

बाटलीत मिळणारं पातळ ब्लीच म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट, वासावरून लगेच ओळखू येतं. चहा, हळद, फळांचा रस असे रंगाचे डाग ते पटकन उडवतं. काखेतला पिवळेपणा मात्र तसा रंग नसतो. तो घाम, अंगाचं तेल आणि डिओडरंटचा साचलेला थर असतो. घामातल्या प्रथिनांशी क्लोरीनची गाठ पडली की पिवळसर संयुगं तयार होतात, म्हणूनच काखा उजळण्याऐवजी गडद होतात. तेव्हा आधी साबण लावून कॉलर-काखा चोळून धुवायच्या, साबण पूर्ण काढायचा आणि तरीही रंगाचा डाग उरला तरच ब्लीचकडे वळायचं.

तेही साध्या थंड पाण्यात. पाच लिटर पाण्याला दोन मोठे चमचे, आधी पाण्यात मिसळून मग कपडा, आणि दहा मिनिटांत बाहेर. रात्रभर ठेवल्याने कपडा जास्त पांढरा होत नाही, सुताचा धागाच खाल्ला जातो. शर्ट तीन-चार धुण्यांनी कोपराशी, कॉलरच्या घडीवर विरायला लागला तर कारण बहुधा हेच असतं.

क्लोरीन आणखी एक गोष्ट नेतं, ती सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. नव्या पांढऱ्या शर्टात आणि बऱ्याच धुण्याच्या पावडरींमध्ये प्रकाश निळसर परतवणारं एक द्रव्य असतं. शर्ट पांढराशुभ्र वाटतो तो त्याच्यामुळे. क्लोरीन ते नष्ट करतं, त्यामुळे डाग गेला तरी शर्ट साईसारखा दिसू लागतो.

सर्वात मोठा धोका ‘रिंकल फ्री’ शर्टांना. त्यांच्या सुतावर सुरकुत्या पडू नयेत म्हणून राळेसारखा लेप असतो. काही लेप क्लोरीन धरून ठेवतात आणि इस्त्रीच्या उष्णतेने तिथे पिवळे पट्टे उमटतात, धागाही कमकुवत होतो. शंका असेल तर खालच्या दुमडीच्या आतल्या बाजूला वरच्या प्रमाणातल्या पाण्याचे दोन थेंब टाका, पाच मिनिटांनी धुवा, वाळवा आणि गरम इस्त्री फिरवा. पिवळं झालं तर त्या शर्टाला क्लोरीन कायमचं वर्ज्य.

एक गोष्ट जिवावर बेतणारी आहे. न्हाणीघरात ब्लीच आणि संडास धुण्याचं आम्ल बहुतेक घरी शेजारी-शेजारी असतात. ही दोन कधीही एकत्र येऊ देऊ नका, क्लोरीन वायू सुटतो. व्हिनेगर, लिंबू, अमोनिया असलेले क्लीनर यांच्यातही ब्लीच कधी मिसळू नका, विषारी वायू सुटतो.

ऑक्सिजन ब्लीच थंड पाण्यात

ऑक्सिजन ब्लीच म्हणजे मुख्यतः सोडियम परकार्बोनेटची पांढरी पावडर. पाण्यात पडली की तिच्यातून हायड्रोजन पेरॉक्साइड आणि धुण्याचा सोडा सुटतो. घाम-तेलाच्या पिवळेपणासाठी मी हीच निवडते. सोडा तेल सोडवतो, पेरॉक्साइड रंग घालवतो आणि सुताला क्लोरीनइतका त्रास होत नाही. लोक म्हणतात, ‘काही फरकच पडला नाही’. बहुतेक वेळा पाणी नळाचं थंडच असतं. ही पावडर साधारण ५० ते ६० अंशांना नीट काम करते. थर्मामीटर नको, अडीच लिटर उकळतं आणि अडीच लिटर नळाचं पाणी एकत्र केलं की झालं. त्यात दोन मोठे चमचे पावडर पूर्ण विरघळवायची. बारीक बुडबुडे दिसतात. मग शर्ट दोन ते चार तास पूर्ण बुडवून ठेवायचा, प्लॅस्टिकच्या बादलीत.

उरलेलं पाणी बाटलीत भरून झाकण लावू नका, आत वायू साठून बाटली फुगते, फुटू शकते. तसंही काही तासांत त्याचा जोर संपतो. दोन्ही ब्लीच एकत्र घालण्यातही अर्थ नाही, एक दुसऱ्याला संपवतं.

बोअरचं पाणी असेल तर आधी तांबूस ठिपके तपासा. पाण्यातलं लोह क्लोरीनमुळे गंजासारखं होऊन कापडावर बसतं आणि पुन्हा क्लोरीन घालून ते जात नाही. ऑक्सिजन ब्लीचमध्ये तर गंजाच्या ठिपक्यापाशी क्रिया इतकी जोरात होते की तिथे भोकं पडू शकतात. भाच्याच्या शर्टांवरही असे ठिपके होते, म्हणून त्यांचं क्लोरीन मी आधी तीन वेळा स्वच्छ पाण्यात खळबळून काढलं. मग लिटरभर कोमट पाण्यात दोन मोठे चमचे लिंबूसत्त्व घालून ते ठिपक्यांवर अर्धा तास लावलं. ठिपके गेले, पुन्हा खळबळलं आणि नंतरच गरम पाण्यात ऑक्सिजन ब्लीच. चार तासांनी पाणी पिवळट झालं होतं आणि काखा स्वच्छ. निळीची झाकही बरीच उतरली. चौथा शर्ट रिंकल फ्री होता, त्याचा पिवळेपणा मात्र गेला नाही. लेपात बसलेलं क्लोरीन इस्त्रीने आपलं काम करून गेलं होतं.

नीळ मळावर

नीळ काही धूत नाही. पिवळसर छटेवर थोडी निळी-जांभळी छटा चढवून डोळ्याला पांढरं दाखवते, एवढंच. मळ किंवा साबण राहिलेल्या कपड्यावर ती घातली की काखेत हिरवट-करडी दिसते, कारण खालचा पिवळा जागेवरच असतो. म्हणून ती शेवटच्या, साबण निघालेल्या पाण्यातच. अर्धी बादली पाण्यात पातळ निळीचे चार-पाच थेंब, हाताने चांगलं ढवळून. ओंजळीत घेतलेलं पाणी फिकट आभाळासारखं दिसलं पाहिजे. मग शर्ट पूर्ण उलगडून बुडवायचा, मिनिटभर हलवायचा आणि पिळून लगेच वाळत घालायचा. गोळा करून टाकलेल्या शर्टाच्या घड्यांवर आणि थेट कपड्यावर पडलेल्या थेंबांवर डाग हमखास पडतात.

डाग पडलाच तर वाळू देऊ नका. ओला असतानाच साध्या पाण्यात दोन-तीनदा खळबळा. पातळ निळीचा उरलेला डाग गरम ऑक्सिजन ब्लीचमध्ये तासाभरात फिका होतो. पुडीतली जुन्या पद्धतीची नीळ बहुधा अल्ट्रामरीन असते. ती पाण्यात विरघळत नाही, तिचे बारीक कण कापडावर बसतात, आणि ब्लीचने सहजी हलत नाहीत. तिला आम्ल सोसत नाही, त्यामुळे लिंबूसत्त्वाचं पाणी तिथे चालतं. अर्थात शर्टात क्लोरीनचा वासही उरलेला नसेल तेव्हाच.