खोट्या खर्चाच्या दाव्यावर लेखी ताकीद: दोन आकडे शेजारी ठेवा

‘तुम्ही बनावट बिल देऊन कंपनीची फसवणूक केली’ अशा वाक्याने ताकीदपत्र सुरू झालं, की वाद शब्दांवर जातो आणि पुरावा बाजूला राहतो. त्याऐवजी असं लिहा:

१. आधी दावा, लगेच पुरावा: ‘१२ तारखेच्या मुक्कामासाठी आपण ४,८०० ची मागणी केली. हॉटेलने दिलेल्या त्याच क्रमांकाच्या बिलाच्या प्रतीत रक्कम १,८०० आहे.’ दोन्ही प्रती जोडा. विशेषणं नकोत.

२. खुलासा कधी मागवला, काय मिळाला आणि तो का मान्य नाही, हे एका वाक्यात. खुलासा मागवलाच नसेल, तर पत्र थांबवा. पुढे तेच अंगाशी येतं.

३. वसुली फक्त फरकाची, म्हणजे ३,०००. मुक्काम खरा होता, त्यामुळे सगळे ४,८०० मागू नका. दंड तर यात मिसळूच नका. परतफेडीची तारीख लिहा.

४. ‘पुन्हा असे आढळल्यास सेवासमाप्तीपर्यंतची कारवाई होऊ शकते.’ इथे ‘होईल’ लिहून स्वतःचे हात बांधू नका.

पोच म्हणून सही घ्या. नकार दिल्यास साक्षीदाराची नोंद पुरते.

सावधान: ही सही म्हणजे पगारातून कपातीला संमती नव्हे. ती संमती वेगळ्या कागदावर घ्या, आणि कपातीवर कायद्याची मर्यादा आहे का तेही आधी पाहा.