आजीच्या मुलाखतीला सबटायटल: ओळींच्या वेळा अंदाजाने कशा बसवल्या

आजीची बारा मिनिटांची मुलाखत माझ्याकडे होती आणि तिचा टाइप केलेला मजकूरही, पण मजकुरात वेळा कुठेच नव्हत्या. पहिल्यांदा मी एकूण सेकंदांना एकूण अक्षरांनी भागलं आणि तेच प्रमाण प्रत्येक ओळीला लावलं. चौथ्या मिनिटाला ओळी आवाजाच्या कितीतरी पुढे धावत होत्या. आजी मध्येच थांबायची, आणि ते थांबणं मी बोलण्यात धरलं होतं.

आता मी आधी खुणा करते. ऑडिओ ऐकताना दर दहा-पंधरा सेकंदांनी एखादं वाक्य नेमकं कधी सुरू झालं ते टिपायचं. अर्ध्या सेकंदाहून मोठा थांबा ऑडॅसिटी या ऑडिओ सॉफ्टवेअरमध्ये सपाट रेघेसारखा दिसतो, तोही मोजायचा. अंदाज बांधायचा तो फक्त दोन खुणांच्या मधल्या बोलण्याचा.

उदाहरणार्थ, २:१० ते २:२२ या १२ सेकंदांत तीन ओळी होत्या. त्यांत १८, २४ आणि १८ अशी एकूण ६० अक्षरं. दुसऱ्या ओळीनंतर आजी २ सेकंद गप्प होती. म्हणजे बोलणं १० सेकंदांचं, सेकंदाला ६ अक्षरं.

```
31
00:02:10,000 --> 00:02:13,000
पेरणी झाली की आम्ही सारे बांधावर बसायचो

32
00:02:13,000 --> 00:02:17,000
भाकरी, कांदा आणि मिरचीचा ठेचा एवढंच असायचं सोबत

33
00:02:19,000 --> 00:02:22,000
आता ते शेतच राहिलं नाही, धरणाखाली गेलं
```

थांबा वजा केला नसता, तर तिसरी ओळ २:१८.४ लाच उमटली असती. आजी अजून गप्पच आणि तिचं शेत गेल्याचं मात्र पडद्यावर आधीच वाचून झालेलं. ते मला अजिबात चालणार नव्हतं.

अक्षरं मोजताना कॉम्प्युटरच्या आकड्यावर जाऊ नका. तो काना-मात्रा वेगळ्या मोजतो. ‘म्ही’ त्याच्या लेखी चार, उच्चारात एकच. आकडे तर हमखास फसवतात. ‘१९७२’ दिसायला चार, पण ‘एकोणीसशे बहात्तर’ म्हणायला नऊ अक्षरं लागतात. मोजणीपुरतं ते अक्षरी लिहून घ्या.

मग प्रत्येक खुणेच्या आधीची ओळ ऐकून बघा. ती आवाजाच्या आधी येत असेल, तर बहुतेक एखादा थांबा मोजायचा राहिलाय किंवा टाइप करणाऱ्याने ‘म्हणजे’, ‘काय झालं’ असे शब्द गाळलेत. अशा जागी आकडेमोड न करता मी सरळ आणखी एक खूण घालते. दोघं एकदम बोलतात तिथे मात्र हा हिशेब चालत नाही. तिथे प्रत्येक ओळ कानानेच लावावी लागते.

सबटायटलची ही SRT फाइल सेव्ह करताना एन्कोडिंग UTF-8 ठेवा, नाहीतर देवनागरीच्या जागी प्रश्नचिन्हं दिसू शकतात. वेळेचे आकडे इंग्रजीच हवेत, सेकंदांनंतर टिंब नाही तर स्वल्पविराम, आणि दोन नोंदींमध्ये एक ओळ रिकामी.