बफरमध्ये तीव्र आम्ल टाकल्यावर सामू काढताना या चुका टाळा

बफरच्या गणितात चुकलेलं उत्तर बहुतेक वेळा चुकलेलं दिसत नाही. सामू ४.६५ यायला हवा तिथे ४.६९ येतो, ४.६७ येतो, अगदी ४.२६ आला तरी तो आकडा ॲसिटेट बफरला शोभणाराच वाटतो. त्यामुळे सगळ्या चुका एकाच उदाहरणावर करून पाहू आणि कोणत्या चुकीने कोणता आकडा येतो ते बघू. तुमचं उत्तर त्यातल्या एखाद्याशी जुळलं, की कुठे घसरलात ते लगेच कळेल.

उदाहरण असं आहे. १०० मिलि बफर आहे. त्यात ॲसिटिक आम्ल ०.१० मोलर आणि सोडियम ॲसिटेटही ०.१० मोलर. ॲसिटिक आम्लाचा pKa २५ अंश सेल्सिअसला ४.७४ धरू. दोन्ही घटक सारखेच असल्यामुळे सुरुवातीचा सामूही ४.७४. आता यात ०.०५ मोलर HCl चे २० मिलि टाकले. नवा सामू किती?

आधी अभिक्रिया, मग लॉग

प्रश्न वाचला की हात थेट हेंडरसन-हॅसलबाल्ख समीकरणाकडे जातो:

```
pH = pKa + log([A-]/[HA])
```

समीकरण बरोबर आहे, पण त्यात HCl ला जागाच नाही. त्यात फक्त सौम्य आम्ल आणि त्याची संयुग्मी आम्लारी, म्हणजे इथे ॲसिटेट आयन, एवढेच आहेत. म्हणून HCl चं काय झालं हे समीकरणाकडे जाण्याआधी ठरवावं लागतं. पाण्यात HCl चं पूर्ण विचरण होतं आणि त्याचा प्रत्येक H⁺ समोर ॲसिटेट दिसेपर्यंतच मोकळा राहतो:

```
CH3COO- + H+ → CH3COOH
```

बाण एकाच दिशेचा आहे, तो मुद्दाम. ॲसिटिक आम्ल सौम्य असल्यामुळे ही अभिक्रिया जवळजवळ पूर्णत्वाला जाते. ॲसिटेट शिल्लक असेपर्यंत टाकलेलं HCl संपलं असंच धरायचं. इथे x मानून समतोलाचा तक्ता मांडत बसायची गरज नाही. हा साध्या वजाबाकी-बेरजेचा हिशेब आहे.

ही पायरी गाळणारे दोन प्रकारे फसतात. काहीजण HCl ची संहती काढून थेट सामू सांगतात: १ मिलिमोल भागिले १२० मिलि म्हणजे ०.००८३ मोलर, सामू २.०८. हा आकडा खरा आहे, पण बफरऐवजी १०० मिलि शुद्ध पाणी असतं तर. दुसरे काहीजण ४.७४ आणि २.०८ यांची सरासरी काढायला जातात. सामू हे लॉगचं माप आहे, त्याची सरासरी काढून मिश्रणाचा सामू मिळत नाही.

मोलॅरिटीतून मोलॅरिटी वजा करणं

माझ्या मते ही या गणितातली सगळ्यात जास्त वेळा होणारी चूक आहे, कारण ती करताना काहीच खटकत नाही. ॲसिटेट ०.१० मोलर, HCl ०.०५ मोलर. मग उरलेलं ॲसिटेट ०.०५, वाढलेलं आम्ल ०.१५, गुणोत्तर एकतृतीयांश, सामू ४.२६. आकडे किती सहज बसले!

पण ०.०५ मोलर ही बाटलीतली संहती आहे. बाटलीतून आपण फक्त २० मिलि घेतले आणि बफर होता १०० मिलि. अभिक्रिया कणाला कण अशी होते, म्हणून वजाबाकी मोलांची करावी लागते. मिलिलिटर गुणिले मोलॅरिटी केलं की मिलिमोल मिळतात. छोट्या आकारमानांसाठी हेच एकक सोयीचं, दशांश चिन्हाच्या मागे शून्यांची रांग लागत नाही.

ॲसिटेट: १०० × ०.१० = १० मिलिमोल.
ॲसिटिक आम्ल: १०० × ०.१० = १० मिलिमोल.
HCl: २० × ०.०५ = १ मिलिमोल.

१ मिलिमोल H⁺ ने १ मिलिमोल ॲसिटेट खाल्लं आणि तेवढंच ॲसिटिक आम्ल तयार झालं. आता ॲसिटेट ९, आम्ल ११. log(९/११) म्हणजे उणे ०.०९. सामू ४.६५. बदल झाला शून्य पूर्णांक नऊ शतांश इतकाच. तेच HCl पाण्यात टाकल्यावर सामू ७ वरून २.०८ वर आला असता.

याच चुकीचं एक सभ्य रूप आहे आणि ते पकडणं जास्त कठीण. विद्यार्थ्याला आकारमान वाढल्याचं भान असतं, म्हणून तो HCl ची नवी संहती काढतो: ०.००८३. मग ती ०.१० मधून वजा करतो आणि ०.१० मध्ये मिळवतो. गुणोत्तर ०.०९१७ भागिले ०.१०८३, सामू ४.६७. इथे HCl १२० मिलिमध्ये पसरलं, पण ॲसिटेट आणि आम्ल अजून १०० मिलिमध्येच राहिले. एका भांड्यात दोन आकारमानं असू शकत नाहीत. संहतीनेच जायचं असेल तर तिन्हींना १२० ने भागा. बरोबर उत्तर येईल, मेहनत मात्र जास्त होईल. मोलांनी गेलात तर आकारमान लागतच नाही, कारण वर आणि खाली तोच १२० आहे आणि तो कटतो.

असाच अर्धवट हिशेब शेवटी करणारेही असतात: आम्ल ११ भागिले १२०, पण ॲसिटेट ९ भागिले १००. त्यांना ४.७३ मिळतो, म्हणजे HCl टाकूनही जवळपास काहीच बदललं नाही असं.

एक घटवला, दुसरा वाढवलाच नाही

ॲसिटेट १० वरून ९ केलं आणि आम्ल १० च ठेवलं, तर सामू ४.६९. आम्ल ११ केलं आणि ॲसिटेट १० च ठेवलं, तर ४.७०. दोन्ही आकडे ४.६५ च्या इतके जवळ आहेत की बहुपर्यायी प्रश्नात हाच पर्याय समोर असेल, तर हात तिकडे जाणारच.

याला एक साधी तपासणी आहे. ॲसिटेट आणि ॲसिटिक आम्ल मिळून आधी २० मिलिमोल होते. HCl मध्ये ॲसिटेट नाही आणि ॲसिटिक आम्लही नाही, त्यामुळे नंतरही बेरीज २० च यायला हवी. ९ अधिक ११ वीस होतात. ९ अधिक १० एकोणीस. बेरीज बिघडली की लॉग घेऊ नका, मागे जा.

गुणोत्तर उलटं लिहिण्याची चूक ओळखणं त्याहून सोपं. ११ वर आणि ९ खाली ठेवलं की उत्तर ४.८३ येतं, म्हणजे आम्ल टाकून सामू वाढला. असं होणं शक्यच नाही. तीव्र आम्ल टाकल्यावर सामू थोडा का होईना, खालीच जातो.

pKa कोणाचा?

अमोनिया आणि अमोनियम क्लोराइडच्या बफरमध्ये एक योगायोग घात करतो. अमोनियाचा pKb सुद्धा ४.७४ च्या आसपास आहे, म्हणजे ॲसिटिक आम्लाच्या pKa इतकाच. पुस्तकाच्या तक्त्यात तो आकडा ओळखीचा वाटतो आणि तसाच समीकरणात बसतो. समीकरणाला हवा असतो आम्लाचा pKa, आणि या बफरमधलं आम्ल म्हणजे अमोनियम आयन. त्याचा pKa १४ वजा ४.७४, म्हणजे ९.२६.

वरचेच आकडे घेऊन, १० मिलिमोल अमोनिया आणि १० मिलिमोल अमोनियम, त्यात १ मिलिमोल HCl, सामू येतो ९.१७. चुकून pKb वापरला तर येतो ४.६५. अमोनियाचा बफर आम्लधर्मी निघाला, तर आकडेमोड पुन्हा करण्याआधी pKa तपासा.

आणि HCl ऐवजी सल्फ्युरिक आम्ल असेल तर मिलिमोल दुप्पट करायला विसरू नका. ॲसिटेट बफरच्या सामूला त्याचे दोन्ही H⁺ सुटतात. वरच्याच उदाहरणात ०.०५ मोलर H2SO4 चे २० मिलि टाकले तर H⁺ होतील २ मिलिमोल, गुणोत्तर ८ भागिले १२ आणि सामू ४.५६.

बफर संपल्यावरही समीकरण वापरणं

प्रश्नात 'थोडंसं आम्ल' लिहिलेलं असतं, पण थोडंसं म्हणजे किती ते ॲसिटेटच्या मिलिमोलांवर ठरतं. आपल्याकडे १० मिलिमोल ॲसिटेट आहे. त्याच HCl चे २४० मिलि टाकले तर १२ मिलिमोल H⁺ आले. वजाबाकी उणे २ येते आणि कॅल्क्युलेटर लॉग काढायला नकार देतो. याचा अर्थ बफर संपला. आता सामू ठरवतं उरलेलं HCl: २ मिलिमोल भागिले ३४० मिलि, म्हणजे ०.००५९ मोलर, सामू २.२३. ॲसिटिक आम्लाचा वाटा इथे किरकोळ, कारण HCl त्याचं विचरण दाबून टाकतं.

बरोबर २०० मिलि टाकले तर १० मिलिमोल ॲसिटेट नेमकं संपतं आणि भांड्यात ३०० मिलिमध्ये २० मिलिमोल ॲसिटिक आम्ल उरतं. हा आता निव्वळ सौम्य आम्लाच्या द्रावणाचा प्रश्न झाला. संहती ०.०६६७ मोलर, सामू २.९६.

खरी फसगत याच्या जरा अलीकडे आहे. १९८ मिलि टाकले, म्हणजे ९.९ मिलिमोल. ॲसिटेट ०.१ उरलं, आम्ल १९.९ झालं. कॅल्क्युलेटर काहीच तक्रार करत नाही, समीकरण सामू २.४४ देतं. पण दोन मिलि आणखी टाकल्यावर सामू २.९६ आहे हे आपण आत्ताच पाहिलं. आम्ल वाढवल्यावर सामू वर कसा जाईल? म्हणजे २.४४ चूक आहे.

कारण असं की समीकरणात आपण गृहीत धरतो की आम्लाच्या स्वतःच्या विचरणातून येणारं ॲसिटेट नगण्य आहे. इथे मूळ ॲसिटेटची संहती उरली फक्त ०.०००३४ मोलर, आणि सामू २.४४ म्हणजे H⁺ ०.००३६ मोलर. जे नगण्य धरलं तेच दहापट मोठं निघालं! अशा वेळी x घेऊन वर्गसमीकरण सोडवावं लागतं. ते सोडवलं की सामू येतो ३.०३.

ही तपासणी कोणत्याही बफरच्या उत्तरावर चालते. आलेल्या सामूवरून H⁺ ची संहती काढा आणि ती उरलेल्या आम्लारीच्या आणि आम्लाच्या संहतीशी ताडून पाहा. आपल्या मूळ उदाहरणात सामू ४.६५, म्हणजे H⁺ साधारण ०.००००२२ मोलर, आणि ॲसिटेट ९ भागिले १२०, म्हणजे ०.०७५ मोलर. तीन हजार पटींहून जास्त फरक आहे, तेव्हा ४.६५ वर निर्धास्त खूण करा.